सल्ला हवा: बीसीजीनंतर सहाव्या महिन्यात गाठ, लघवीची पिशवी काढायची का?

शाहूपुरीकर: वडील ६६ वर्षांचे, लघवीच्या पिशवीचा कॅन्सर. आधीची गाठ टी१ हाय ग्रेड होती, म्हणजे अस्तराच्या खाली शिरलेली, जोरात वाढणारी. दुर्बिणीतून काढली, तीच जागा पुन्हा खरवडली, मग नळीनं पिशवीत सोडतात त्या बीसीजी औषधाचे आठवड्याला एक असे सहा डोस झाले. तिसऱ्या महिन्याची दुर्बीण साफ होती. सहाव्या महिन्यात छोटी गाठ दिसली. काढली, रिपोर्ट टीए लो ग्रेड. काका म्हणतात बीसीजी फेल, पिशवीच काढा. दुसरं मत कुठं घ्यावं? कोल्हापूर किंवा मिरज, पाच हजारांत.

पंचगंगा_काठ: रात्रीची महालक्ष्मी पकडा अन् टाटा गाठा. पैशाचं काय घेऊन बसलाय राव.

कळंब्याचा_बाळू: कुळथाचं पाणी द्या. आमच्या दाजींचा खडा त्यानंच पडला.

पंचगंगा_काठ: बाळू, खडा नाही, कॅन्सर आहे. वाच की जरा!

मावशी_ओटी: मी युरॉलॉजीच्या थिएटरला सिस्टर होते. परत आलेली गाठ कुठल्या ग्रेडची, हे आधी बघतात. हाय ग्रेड आली असती तर पिशवी काढायचा विषय निघाला असता. लो ग्रेड टीए नुसत्या अस्तरातच असते. तेवढ्यावरून बीसीजी फेल म्हणत नाहीत. पण लघवीची सायटॉलॉजी, म्हणजे लघवीतल्या पेशींची तपासणी केली का? तिच्यात हाय ग्रेड पेशी दिसल्या तर या छोट्या गाठीनं त्याचा उलगडा होत नाही. मग पिशवीत सपाट पसरलेला कॅन्सर आहे का, वर मूत्रनलिकेत काही आहे का, ते शोधावं लागतं.

उजळाईवाडी७: बीसीजी म्हणजे जिवंत टीबीचे जंतू! सासऱ्यांना दुसऱ्या डोसला ताप आला, आम्ही बंदच केलं.

मावशी_ओटी: जंतू जिवंतच, पण कमजोर केलेले. त्याच दिवशी कणकण येते, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जाते. ताप १०१ च्या वर जाऊन उतरेना तर मात्र लगेच फोन करायचा. लघवीत लाल रक्त किंवा इन्फेक्शन असेल तर त्या दिवशी डोस देतच नाहीत. शाहूपुरीकर, गाठ परत येऊ नये म्हणून पुढं देतात ते तीन-तीनचे डोस चालू आहेत ना?

शाहूपुरीकर: तिसऱ्या महिन्याचे झाले, आताचे राहिलेत. सायटॉलॉजी केलेली नाही. आणि दर तीन महिन्यांनी दुर्बीण किती दिवस? वडील कंटाळलेत.

मावशी_ओटी: साधारण दोन वर्षं तीन-तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, पुढं वर्षातून एकदा. गाठ आली की आमच्याकडे मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरायचे. आणि दुसऱ्या मतासाठी पेशंट कशाला हलवता? बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे पाठवा. सगळा निर्णय ग्रेडवर आहे, ती दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनं बघितलेली बरी.

पंचगंगा_काठ: तेच म्हणतोय, टाटा.

उजळाईवाडी७: लवचिक दुर्बीण मागा. आमच्यांना जाड नळी घातली, बोंबलत होते बिचारे.

शाहूपुरीकर: घरी बोललो. ब्लॉक पाठवत नाही, वडिलांचा आपल्या डॉक्टरांवरच विश्वास आहे. सोमवारी सायटॉलॉजी, ती नीट आली की राहिलेले डोस. काका रुसलेत.

मावशी_ओटी: मी असते तर ब्लॉक पाठवले असते. असो. सायटॉलॉजीला सकाळची पहिली लघवी देऊ नका, दुसरी द्या.