ती अजून धरमपेठेतच राहते, मग 'लिव्ह्ड' का?

प्रश्न (धाकट्याची आई, नागपूर): मुलाच्या दहावीच्या सराव पेपरात 'इनडायरेक्ट स्पीच'मध्ये बदलायला वाक्य होतं: रिया सेड, "आय लिव्ह इन धरमपेठ." त्याने लिहिलं, 'रिया सेड दॅट शी लिव्ह्ज इन धरमपेठ.' बाईंनी काट मारून 'लिव्ह्ड' केलं, एक गुण गेला. रिया त्याच्याच वर्गातली, आजही धरमपेठेतच राहते. मग चूक कशी?

इतवारीचा मास्तर: बाईंचं बरोबर आहे. नियम सोपा आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते अशासारखं त्रिकालाबाधित सत्य असेल तरच वर्तमानकाळ ठेवायचा. घर उद्या बदलू शकतं, म्हणून 'लिव्ह्ड'. बावीस वर्षं हेच शिकवून राह्यलो.

जुनी प्राध्यापिका: मास्तर, अर्धंच पटलं. इंग्रजीत इथे दोन्ही चालतात. 'लिव्ह्ड' म्हटल्याने रियाने घर सोडलं असा अर्थ होत नाही, तो फक्त 'सेड'च्या मागोमाग आलेला भूतकाळ आहे. पृथ्वीच्या वाक्यातही 'मूव्ह्ड' चुकत नाही.

'लिव्ह्ज' ठेवायचं तर मात्र ती गोष्ट दोन वेळांना खरी असावी लागते: बोलणारा बोलला तेव्हा, आणि तुम्ही सांगताय आत्ता. समजा, ताईने तीन वर्षांपूर्वी सांगितलं, "आय अ‍ॅम प्रेग्नंट." बाळ आता अंगणवाडीत जातं. आज तुम्ही 'शी सेड शी इज प्रेग्नंट' म्हणालात तर ऐकणारा लगेच अभिनंदन करेल. तिथे 'वॉज'च हवं. ताईला आता परत दिवस गेले असले, तरी त्या जुन्या बोलण्यासाठी 'इज' चालणार नाही, कारण ती बातमी पहिल्या बाळाची होती.

रियाच्या बाबतीत दोन्ही वेळा जुळतात. मुलाचं वाक्य शुद्ध आहे.

सीताबर्डीवाली: पण मॅडम, मराठीत काळ बदलतच नाही नं! 'रिया म्हणाली की ती धरमपेठेत राहते.' हे इंग्रजीवाले उगीच वाकडं करतात. मराठीतल्यासारखंच लिहावं सगळ्यांनी.

जुनी प्राध्यापिका: प्रश्न इंग्रजीचा आहे हो, पण तुम्ही गाठ बरोबर पकडलीत. मराठीत 'ती म्हणाली की ती धरमपेठेत राहायची' म्हटलं की घर सुटलं. तोच अर्थ आपण 'लिव्ह्ड'मध्ये वाचतो, आणि म्हणून तो आपल्याला खोटा वाटतो.

साइटवरचा क्लार्क: माझी गोष्ट ऐका. बैठकीत ठेकेदार म्हणाला, मोटर चालू आहे. मी कार्यवृत्तात लिहिलं, 'द काँट्रॅक्टर सेड द मोटर इज वर्किंग.' आठ दिवसांनी टाकी कोरडी निघाली. साहेबांनी कागद पुढे करून विचारलं, "तुम्ही पाहिली होती का मोटर?" म्हटलं, मी नाही, तो म्हणाला. म्हणे, "वाचून तर वाटतं तुम्हीच हमी दिली." तेव्हापासून माझा हात आपोआप 'वॉज'कडे जातो.

जुनी प्राध्यापिका: साहेबांनी थोडं ताणलं, 'सेड' तर तुम्ही लिहिलं होतं. पण खोच तीच आहे. 'इज' ठेवलं की सांगणाराही त्या गोष्टीला थोडा खांदा देतो. 'वॉज' लिहिलं की बोललं त्याचं, जबाबदारी त्याची. स्वतःची खात्री नसेल, किंवा ते खोटं ठरलं असेल, तर मागेच न्यावं. मुंबईत असेल असं वाटलेला मित्र बर्डीवर समोर उभा राहिला, तर 'आय थॉट यू वेअर इन मुंबई' म्हणतात. तिथे 'आर' बसतच नाही.

इतवारीचा मास्तर: हे सगळं कबूल. पण पोरांना परीक्षेत 'सांगणाऱ्याची खात्री' कुठून कळणार? पेपरात एकच ओळ असते. रिया आज कुठे राहते हे तपासणाऱ्याला माहीत नाही. मी तर अजूनही सांगीन, शंका आली की काळ मागे न्या. 'लिव्ह्ड'ला कोणी काट मारणार नाही.

जुनी प्राध्यापिका: पेपरापुरतं मान्य, 'लिव्ह्ड'मध्ये धोका नाहीच. पण सुरक्षित उत्तर वेगळं आणि दुसऱ्याला चूक ठरवणं वेगळं. एवढं मी सोडणार नाही.

धाकट्याची आई: बाईंना विचारलं. म्हणाल्या, उत्तरसूचीत 'लिव्ह्ड' आहे, पण पुढच्या वेळी दोन्हींना गुण देता येतील का ते इतर शिक्षकांना विचारते. हा गुण काही परत मिळाला नाही. पोरगा म्हणतो, रियालाच पुढे उभं करतो.