मदत हवी आहे: आयक्यू ७२, व्हाईनलँड ६७. मग अक्षमता आहे की नाही?

ओलीपाटी
मुलगी नऊ वर्षांची, तिसरीत. वाचते, पण वाचलेलं सांगता येत नाही. बेरीज जमते, हातचा आला की अडते. शाळेने सांगितलं म्हणून तपासणी करून घेतली. बुद्धिमत्ता चाचणी 'विस्क ५', आयक्यू ७२. शेजारी '६७ ते ७८' असंही छापलंय. नंतर तपासणाऱ्या बाईंनी माझी तासभर मुलाखत घेतली: ती घरी काय करते, काय करत नाही. त्याला व्हाईनलँड म्हणतात. त्यात संवाद ७०, दैनंदिन कौशल्यं ६१, सामाजिक ७९ आणि एकूण ६७.

बाई म्हणाल्या, सौम्य बौद्धिक अक्षमता. शाळेतले समुपदेशक म्हणतात, आयक्यू सत्तरच्या वर आहे, मग अक्षमता कसली? कुणाचं धरायचं? आणि तिला वेगळ्या वर्गात घालावं लागेल का? दोन आठवड्यांनी शाळेत बैठक आहे.

रघू_पाटील
ताई, समुपदेशक बरोबर आहेत. ७० ही रेषा. त्याच्या खाली सौम्य, ५० च्या खाली मध्यम, असे आयक्यूवरून गट पडतात. ७२ म्हणजे बॉर्डरलाइन. ते घरचे प्रश्न वगैरे पूरक असतात, आई काय सांगेल त्यावर ते.

सावली
रघूदादा, गट आयक्यूवरून पाडायची पद्धत होती, हे खरं. पण २०१३ च्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तिकेपासून सौम्य-मध्यम हे मूल रोजच्या जगण्यात कुठे अडतं यावरून ठरतं, आयक्यूवरून नाही. मी पंधरा वर्षं मुलांच्या चाचण्या घेतेय. घरचे प्रश्न पूरक नसतात, निदानाचा तो अर्धा भाग असतो.

ओलीपाटी, तो '६७ ते ७८' नीट बघा. त्याचा अर्थ, तिची खरी पातळी बहुधा या पट्ट्यात कुठेतरी आहे. ७२ हा नेम धरून मारलेला आकडा नव्हे. पट्टा सत्तरच्या दोन्ही बाजूंना पसरलाय, त्यामुळे आयक्यू एकटा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. अशा वेळी रोजच्या वागण्याचं माप निर्णायक ठरतं. दोन्ही मापांत सरासरी १०० असते आणि ७० म्हणजे सरासरीच्या बरंच खाली. पण हा उंबरठा थोडा सैल असतो, कुंपण नव्हे.

मला खटकतंय ते ६१. संवाद ७०, सामाजिक ७९ आणि दैनंदिनच इतकं खाली का? घरी तिची कामं कोण करतं? कोणत्या प्रश्नांना शून्य पडलं, आठवतंय?

काजवा
माझ्या मुलाचंही अगदी हेच होतं! त्याला डिस्लेक्सिया निघाला. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळाला, आता मजेत आहे. तुम्ही जादा वेळेचा अर्ज लगेच करा.

सावली
काजवा, तुमच्या मुलाचं अडणं वाचण्या-लिहिण्यापुरतं होतं. बाकी समज वयाप्रमाणे असणार. त्याला वेळ दिला की जे येतं ते कागदावर उतरतं. इथे वाचून झाल्यावरही अर्थ लागत नाहीये. दुप्पट वेळ दिला तरी हातचा कळणार नाही.

ओलीपाटी
सावलीताई, आठवलं तेवढं लिहिते. शून्य पडलेले: केस विंचरणं, अंथरूण घालणं, ताट वाढून घेणं, घड्याळ बघणं, सुटे पैसे मोजणं, एकटीने रस्ता ओलांडणं. खरं सांगू? केस आजी विंचरते. अंथरूण आजी घालते. ताट तर तिच्या हातात आयतं येतं. मी मुलाखतीत 'नाही करत' एवढंच सांगितलं. घड्याळ मात्र वर्षभर शिकवतोय, जमत नाही. पैशांचंही तसंच.

सावली
हे सांगितलंत ते फार कामाचं आहे. व्हाईनलँड 'करते का' हे विचारतं, 'करू शकते का' हे नाही. नेहमी करते ते २, कधीकधी १, करत नाही ते ०. कधी करूच दिलं नाही तरी शून्यच. अबास नावाची दुसरी मोजपट्टी आहे, तिच्यात 'करता येत नाही' ला ० आणि 'येतं पण गरज असताना करत नाही' ला १ असा फरक करतात. तुमच्या आजीबाई तिथे लगेच पकडल्या गेल्या असत्या. :)

म्हणजे ६१ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. केस, अंथरूण, ताट हे संधी न मिळाल्याचं. घड्याळ आणि पैसे हे शिकवूनही न आल्याचं, आणि मला त्याचं वजन जास्त वाटतं. पण मनाने आकडा वाढवून घेऊ नका. शिक्षिकेचा फॉर्म भरून घेतलाय का? त्यात दैनंदिन भागात घरकाम नसतं. आकड्यांची समज आणि वर्गातला वावर असतो. तिथेही हा भाग खाली असेल, तर आजीला दोष देता येणार नाही.

ओलीपाटी
आज बाईंना विचारलं. शिक्षिकेच्या फॉर्मवर संवाद ७१, दैनंदिन ६९, सामाजिक ८२.

सावली
घर आणि शाळा, दोघांचंही चित्र एकाच दिशेचं आहे: मैत्री, खेळ, वागणं यात ती बरी, भाषा, आकडे, वेळ, पैसे यात मागे. तीनपैकी एका क्षेत्रात ठळक मागे असणंही निदानाला पुरतं, तिन्हींत असावं लागत नाही. मी असते तर सौम्य अक्षमतेकडेच झुकले असते. पण आजीचं गणित रिपोर्टमध्ये लिहायला सांगितलं असतं.

रघू_पाटील
मान्य, जुनी माहिती होती. पण मग सरळ पुढच्या महिन्यात आयक्यू पुन्हा का करत नाहीत? शंकाच नको.

सावली
तीच चाचणी इतक्या लवकर दिली की सरावानेच गुण वाढतात, वेगाच्या खेळांत विशेष. आकडा ७६ आला तरी तो तिचा की सरावाचा, कसं कळणार?

फळा_डस्टर
मी विशेष शिक्षिका. वेगळ्या वर्गाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ६७ या आकड्यावरून वर्ग ठरत नाही. ८२ बघा: या मुलीला वर्गातून काढलं तर तिची सगळ्यात बळकट बाजूच आपण मोडू. बैठकीत मागा ते असं: वर्ग तोच, पण गणित आणि भाषेची उद्दिष्टं तिची स्वतःची. 'पैसे शिकवणे' असं उद्दिष्ट लिहू देऊ नका. आधी नाणी ओळखणं, मग एकाच किमतीची नाणी मोजणं, मग दोन प्रकारची मिसळून, आणि सुटे परत घेणं सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरी दहापैकी आठ वेळा मदतीशिवाय जमली की पुढची. सहा आठवडे एकाच पायरीवर अडली तर पायरी मोठी झालीय, ती फोडा. मूल अडत नाही, पायरी अडते.

आणि आजीला केस विंचरून देणं सोडायला सांगा. फणी मुलीच्या हातात, आजीने फक्त भांग सरळ करायचा.

काजवा
पण तो शिक्का एकदा बसला की निघतो का? मला तरी भीती वाटली असती.

फळा_डस्टर
काजवा, मलाही याचं एक उत्तर नाही. शिक्क्याशिवाय बदललेली उद्दिष्टं द्यायला शाळा तयार असेल तर थांबता येतं. पुष्कळ शाळा कागदाशिवाय हलत नाहीत. आणि शिक्क्यामुळे अपेक्षाच खाली आणणारे शिक्षकही मी पाहिलेत.

ओलीपाटी
घरी यावरच वाद चाललाय, यांना कागद नको आहे. बाईंनी रिपोर्टमध्ये आजीबद्दल ओळ घालायचं कबूल केलंय. आज केस तिने स्वतः विंचरले, मागचा गुंता तसाच राहिला. आजी हात बांधून बसली होती. बैठक झाली की लिहिते.