ओव्हन 59 अंशांवर अडकतो: दोष फझीचा की नियमांचा?

प्रोजेक्टवाला: छोट्या ओव्हनला फझी कंट्रोलर लावलाय, सेटपॉइंट 60 अंश. एरर म्हणजे सेटपॉइंट वजा तापमान. गार असेल तर हीटर 80 टक्के, ठीक असेल तर 30, गरम असेल तर 0. एररवर 'ठीक'चा त्रिकोण उणे 5 ते अधिक 5, टोक शून्यावर. 'गार' शून्यापासून चढत 5 ला पूर्ण होतो, 'गरम' उलट बाजूला तसाच. डिफझिफिकेशन वेटेड अ‍ॅव्हरेजनं. तापमान 59 च्या पुढे सरकतच नाही. त्रिकोण वाढवू, की पीआयडी घेऊ?

कोडवाला: सात त्रिकोण करा. तीन फार ढोबळ होतात.

पॅनेलवाला: सात केले तर शून्याजवळचा उतार तीव्र करता येतो, त्यानं चूक घटेल, जाणार नाही. 57 अंशांचं गणित करून बघा. एरर 3, म्हणजे गार 0.6 आणि ठीक 0.4. आउटपुट 0.6×80 + 0.4×30 = 60 टक्के. 58 ला 50, 59 ला 40 येतं. अंशामागे 10 टक्के, म्हणजे हा सरळ प्रपोर्शनल कंट्रोलर झाला. ओव्हनला गरम राहायला 40 टक्के लागतात आणि 60 अंशांवर तुमचा नियम 30 च देतो, म्हणून तो 59 ला थांबतो.

नियमातून हीटर किती ठेवायचा हे न काढता किती बदलायचा ते काढा. तापमान किती वेगानं चढतंय हा दुसरा इनपुट घ्या. गार आणि स्थिर असेल तर 2 टक्के वाढव. गार पण झपाट्यानं चढत असेल तर हात लावू नको. या बदलांची बेरीज हाच हीटरचा आकडा; ती 0 ते 100 मध्येच अडवा, नाहीतर ओव्हन तापेपर्यंत ती कुठल्या कुठे जाते.

भट्टीवाला: माझ्याकडे हीटर 83 च्या वर जातच नव्हता. सेंट्रॉइड घेतला होता आणि शेवटचा त्रिकोण 50 पासून चढून 100 ला संपत होता. त्याचा गुरुत्वमध्य 83 वरच पडतो. आता आउटपुटला त्रिकोणांऐवजी प्रत्येकी एकच आकडा ठेवलाय.

पीआयवाला: एवढ्यासाठी फझी कशाला? दोनच आकडे जुळवले की पीआय कंट्रोलर हेच करतो. 1975 मध्ये ममदानी आणि असिलियन यांनी वाफेच्या इंजिनावर फझी बसवलं तेव्हा ऑपरेटरची समज नियमांत उतरवली होती. इथे ऑपरेटर कोण?

पॅनेलवाला: ओव्हन लवकर तापतो आणि हळू निवतो. चढताना लवकर आवर घाल, उतरताना थांब, हे नियमात सरळ लिहिता येतं. साध्या पीआयला दोन्ही बाजू सारख्याच.

पीआयवाला: नऊ नियमांचे नऊ आकडे जुळवण्यापेक्षा तेवढा फरक मी सोसेन.

प्रोजेक्टवाला: बदलाचे नियम टाकले. आता 60 वर येतो, पण आधी 64 पर्यंत जाऊन. बेरीज अडवलेली आहे.

पॅनेलवाला: 'झपाट्यानं' म्हणजे किती धरलंत? ओव्हन मिनिटाला 1 अंश चढत असेल आणि तो त्रिकोण 3 पासून सुरू होत असेल, तर तो नियम कधी लागूच होत नाही. दर फेरीला प्रत्येक नियमाचं वजन छापून बघा. सतत शून्य दिसेल तिथेच गडबड.