अडीच तासांचं भजन, दोन गायक, दोन सूर: क्रम कसा लावावा?

टाळकरी_फोंडा
नमस्कार मंडळी. कार्तिकी एकादशीला आमच्या देवळात संध्याकाळी ७ ते ९.३० आमच्या मंडळाचं भजन आहे. साडेनऊला पालखी बाहेर पडते, ती कोणासाठी थांबत नाही, आणि दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही. म्हणजे वेळ पक्की.

गायक दोन. बुवा काळी १ मध्ये गातात, त्यांची पुतणी काळी ४ मध्ये. साथीला पेटी, तबला, पखवाज आणि दहा-बारा टाळकरी. मी यादी काढली ती अशी: चौदा रचना, एक बुवांची, एक पुतणीची, आळीपाळीने. प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर १४० मिनिटं होतात, दहा हाताशी उरतात. यादी बघून तबलजी म्हणाला, "मी वाजवू कधी? हातोडीच मारत बसू?" त्याशिवाय पुतणीला यमनमधला अभंग गायचाच आहे.

क्रम, सूर, लय आणि एकातून दुसऱ्यात जायचं कसं हे एका कागदावर हवंय. कोणी असं केलंय का?

घुमट_शामेळ
बाब, एवढा हिशेब कशाला? आमच्याकडे चवथीला घुमट, शामेळ, कासाळें घेऊन बसतो, एक आरती संपली की दुसरी. सुराचं कोणी विचारत नाही. सूर सगळ्यांचा मिळून जो होईल तो!

टाळकरी_फोंडा
आरतीला ते चालतं हो. इथे पेटी आहे आणि समोर बसलेली निम्मी माणसं गाणं शिकलेली आहेत.

पांढरी_चार
सोपा उपाय. दोघांनाही पांढरी ४ मध्ये गायला सांगा. मधला सूर. तबला एकदा लावला की रात्रभर हात लावायचा नाही.

पेटीवाले_काका
पांढरी_चार, अर्धं बरोबर आहे. पण हिशेब करून बघा. काळी १ वरून पांढरी ४ म्हणजे बुवांना चार पट्ट्या वर चढावं लागेल. त्यांचे तार सप्तकातले अंतरे तिथे फाटतील. पुतणीला तीन पट्ट्या खाली यावं लागेल, म्हणजे तिचे मंद्रातले स्वर नुसती हवा. एखाद्या गजराला, जिथे सगळी चाल मध्य सप्तकात फिरते, तिथे तुमचा उपाय चालतो. अडीच तास नाही.

टाळकरी, तुमची खरी अडचण आळीपाळी ही आहे. तबला हातोडीने एक-दीड सूर इकडेतिकडे सरकतो, त्यापलीकडे ओढला तर पुडी बिघडते आणि लावलेला सूर टिकतही नाही. काळी १ आणि काळी ४ मधलं अंतर त्याच्या बाहेरचं. म्हणून गायक गटाने लावा. बुवांचा गट, मग तिचा, मग पुन्हा बुवांचा. तेरा वेळा सूर बदलायचा तो तीन-चार वेळांवर येतो.

दुसरी गोष्ट तुमच्या नशिबाने जुळलेली आहे. काळी ४ हा काळी १ चा पंचम. आणि तिच्याकडून बघितलं तर काळी १ हा तिचा मध्यम. म्हणजे बुवांसाठी पंचमाचा लावलेला तानपुरा आणि तिच्यासाठी मध्यमाचा लावलेला तानपुरा यांत स्वर तेच दोन. बुवांचा शेवटचा गजर संपला की पेटीने हे दोन स्वर धरून ठेवायचे, ठोका बंद, आणि पुतणीने पंचमालाच आपला सा मानून आलाप घ्यायचा. ऐकणाऱ्याला खड्डा जाणवत नाही.

तबला काळी १ लाच राहिला तरी तिच्या गाण्यात तो मध्यमावर बोलेल. देस, बागेश्री, पिलू, भैरवी, म्हणजे शुद्ध मध्यम ठळक असलेलं काहीही बसतं. यमन मात्र नाही. तिथे मध्यम तीव्र, आणि तबला प्रत्येक समेला शुद्ध मध्यम ठोकत राहील. भूपही नको, त्यात मध्यमच नाही. तेव्हा यमन बुवांना द्या, सातला बसलात की वेळही त्याचीच असते.

पांढरी_चार
मग उलट करा ना. तबला काळी ४ लाच ठेवा. बुवांना पंचम मिळेल, पंचम तर सगळ्यात सुरक्षित.

पेटीवाले_काका
बहुतेक रागांत चालेल. पण बुवांनी मालकंस घेतला की संपलं, त्यात पंचम वर्ज्य. आणि भजनातले बुवा मालकंस घेत नाहीत असं मी पाहिलेलं नाही.

डग्गा_डावीकडे
तबलजी म्हणून बोलतो. मध्यमाचा तबला एखाद-दुसऱ्या अभंगाला ठीक, सलग अर्ध्या तासाला नाही. गाणाऱ्याला सा चा आधार तबल्याकडून मिळत नाही, नवखी मुलगी असेल तर सूर सरकतो, आणि आपल्याला ते कळतं ते पेटी आणि गळा भांडायला लागल्यावर. दुसरा तबला काळी ४ चा लावून, फडक्याने झाकून बाजूला ठेवा. अदलाबदल एका मिनिटाची. तोवर पखवाज आणि टाळ चालू राहू देत.

हवेचंही लक्षात ठेवा. दमट हवेत चामडं सैल पडतं आणि सूर उतरतो, त्याच तबल्यावर फोकसचा दिवा आला की चढतो. म्हणून तबला घरी लावून आणायचा नाही, जिथे बसणार तिथे अर्धा तास आधी ठेवून मग लावायचा. पखवाजाची कणीकही बघा. तासाभरात सुकते आणि धुमाचा आवाज कोरडा होतो. मध्यंतरात ओला हात फिरवायला वेळ द्या.

सप्ताहप्रेमी_वास्को
आमच्या दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन असतं, यादी कोण करतो! तिथे एकच नियम, टाळ थांबता कामा नये. नवे लोक बसतात, चालू गजर उचलतात, मग जुने उठतात. तुम्हीही तेच करा, सूर आपोआप मिळतो.

पेटीवाले_काका
टाळ थांबू नये हे घेण्यासारखं आहे. पण अखंड भजनात ऐकणारा येतो-जातो, इथे तीच माणसं अडीच तास समोर बसलेली.

आता वेळेचं. चौदा रचना बसत नाहीत. अभंग तुम्ही दहा मिनिटं मोजलात, पण माईक सरकवणं, आलाप, सूर जुळवणं यात दर खेपेला एक-दोन मिनिटं जातात, आणि गावच्या कार्यक्रमात श्रीफळ आणि मानसन्मान कोणी विचारून करत नाही. त्याला दहा मिनिटं आधीच द्या. बारा रचना घ्या. मी असा लावला असता:

७.०० ते ७.४०, बुवा, काळी १. "जय जय राम कृष्ण हरी" सावकाश, ६ मिनिटं, मिनिटाला सत्तर मात्रांच्या आसपास. मग "सुंदर ते ध्यान" यमनमध्ये, १० मिनिटं. मग रूपक तालातला एक, ९ मिनिटं. मग भजनी ठेक्यातला, शेवटी गजर चढवत, १२ मिनिटं. टीप: गजर तिहाईने संपेल, पेटी काळी १ आणि काळी ४ धरेल, तबला बदलेपर्यंत टाळ हळू चालू.

७.४२ ते ८.१५, पुतणी, काळी ४. देसमधला अभंग १० मिनिटं, सोहिरोबानाथांचं "हरिभजनावीण काळ घालवू नको रे" ८ मिनिटं, गौळण दादऱ्यात १० मिनिटं. टीप: गौळणीनंतर पूर्ण थांबा, इथेच मानसन्मान.

८.२५ ते ९.००, बुवा, काळी १. मालकंस १० मिनिटं, एक छोटा अभंग ८ मिनिटं, सगळ्यांचा गजर १२ मिनिटं. उशीर झालाच तर छोटा अभंग गाळायचा, हे आधीच ठरवून कागदावर चौकटीत लिहायचं. व्यासपीठावर ठरवायला गेलात तर बुवा ऐकत नाहीत.

९.०० ते ९.१५, पुतणीची भैरवी काळी ४ मध्ये, कान्होपात्रेचं "अगा वैकुंठीच्या राया" ८ मिनिटं, आणि शेवटचा गजर काळी १ मध्ये. पंधरा मिनिटं मोकळी. भैरवीला तबला बदलू नका, मध्यम चालतो. ती मध्यमावर थांबली की तोच बुवांचा सा. भैरवीचेच स्वर बुवांच्या सा पासून मोजले की आसावरी थाट मिळतो, म्हणून शेवटच्या गजराची चाल त्या अंगाची घ्या, पेटीवरच्या पट्ट्याही बदलत नाहीत.

टाळकरी_फोंडा
काका, हे तर तयारच दिलंत! एक विचारतो. लय चढत्या गजरातून पुढच्या अभंगात उतरायची कशी? आमच्याकडे तिथे सगळे दोन क्षण गोंधळतात.

डग्गा_डावीकडे
बरोबर निम्मी करा. गजर मिनिटाला १६० मात्रांवर संपला तर पुढचा ८० वर. लोकांचे हात एक टाळी सोडून पडतात, बस्स. १६० वरून १०० वर गेलात तर टाळी कुठेच बसत नाही. पण त्यासाठी गजर १६० वरच संपायला हवा, आणि तो संपत नाही, कारण टाळकरी ओढतात. शेवटच्या अंतऱ्याचे शब्द गिळले जायला लागले की समजायचं लय हातातून गेली. एकच टाळकरी तबलजीशेजारी बसवा, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं. रागावू नका, पण तो बहुधा तुम्ही नसावा, तुम्हाला घड्याळ बघायचंय.

आकाडेमीला_तीनदा
कला अकादमीच्या भजन स्पर्धेत उतरायचंय, वेळ फार कमी असतो. ही यादी अर्धी करून चालेल का?

पेटीवाले_काका
नाही. स्पर्धेत सूर एकच ठेवा आणि गायक एकच. नियमपत्रिकेत प्रकार दिलेले असतात, क्रम तिथूनच ठरतो. वेगळा धागा काढा, सांगतो.

जुना_श्रोता_माशेल
यादी छान, पण भैरवीनंतर गजर? आम्ही लहानपणापासून ऐकलं की भैरवी झाली म्हणजे गाणं संपलं. गजर भैरवीतच जोडा, काळी ४ मध्येच.

डग्गा_डावीकडे
काळी ४ मध्ये पुरुषांनी गजर कुठल्या सप्तकात गायचा? वर जाता येत नाही, खाली गेले की पुटपुटल्यासारखं होतं. मंडपात नुसते टाळ ऐकू येतील.

जुना_श्रोता_माशेल
मग भैरवी बुवांना द्या.

टाळकरी_फोंडा
ते पुतणीला कोण सांगणार! यमन काढून घेतलाय तो आधी पचू दे. शनिवारी तालमीला दोन्ही करून बघतो, भैरवी शेवटी आणि गजर शेवटी. दुसरा तबला शेजारच्या वाड्यावरून मिळतोय, पण तो पांढरी ५ ला लागतो म्हणे. एक पट्टी वर चढेल ना?

डग्गा_डावीकडे
चढेल, पुडी जुनी नसेल तर. तालमीच्या आदल्या दिवशी लावून ठेवा आणि सकाळी बघा किती उतरला. अर्ध्या पट्टीपेक्षा जास्त उतरला तर त्याच्या भरवशावर राहू नका. पहिलाच तबला मध्यमावर ठेवा, आणि पुतणीच्या कानाजवळ तानपुरा मशीन जरा मोठं लावा.