मदत हवी आहे: ‘-वार’ आडनावांचा नकाशा चुकतोय
वैनगंगाकाठ: दोन दिवस झाले डोकं धरून बसलोय. ‘-वार’वाली आडनावं तेलंगणाकडून कुठपर्यंत आली ते जिल्हावार बघायचंय, पण नकाशात सातारा-पुणे गडद आणि चंद्रपूर फिकट! काय चुकतंय पटकन सांगा.

माहूरकर_७२: तेलंगणातून आलेल्यांचं कुलदैवत विचारताय का? आमच्याकडे बालाजी आहे.

टिंबटिंब: डेटा कुठला? नुसती संख्या रंगवलीय की लाखामागे किती ते? आणि शोधलं कसं?

वैनगंगाकाठ: मतदार यादी, अजून कुठली असणार. संख्याच रंगवलीय. शोधलं असं:

```
s.str.endswith('वार')
```

टिंबटिंब: अहो, ‘पवार’च्या शेवटीही ‘वार’च आहे! कोल्हापूरकडचे पोवारसुद्धा आले त्यात. तुमचा नकाशा पवारांचा झालाय. हे दोन्ही वगळा:

```
s = s.str.strip()
m = s.str.endswith('वार') & ~s.isin(['पवार','पोवार'])
```

मग उरलेल्यांतली जास्त वेळा येणारी शंभरेक नावं डोळ्यांखालून घाला, असं आणखी एखादं सापडेलच. आणि जिल्ह्याच्या एकूण मतदारांनी भागा, नाहीतर पुण्यासारखा मोठा जिल्हा कायम गडदच दिसणार.

नांदेडचा: एवढा खटाटोप कशाला, ‘-वार’ म्हणजे कोमटी, विषय संपला.

टिंबटिंब: नाही हो, पद्मशाली आणि वेलमांतही ‘-वार’ आहेत. तेलुगूत घराण्याचं नाव आधी येतं आणि त्याला ‘वारि’ लागतं म्हणजे ‘त्यांच्यातला’, मराठीत ते शेवटी गेलं आणि ‘वार’ झालं. कोतपल्लीवार घ्या, त्यातली ‘पल्ली’ म्हणजे गावच. त्यामुळे यावरून भाषा कळते, जात नाही.

नांदेडचा: मी नांदेडात वाढलो, आमच्या गल्लीत सगळे कोमटीच होते. बाकीचे असतील, पण थोडे.

वैनगंगाकाठ: पवार काढले, भागाकार केला, आणि चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड असा सीमेलगतचा पट्टा उठून आला! पण सोलापूर जवळजवळ कोरं आहे, तिथे तर तेलुगू विणकर ढिगाने आहेत ना?

टिंबटिंब: तिथल्या पद्मशाल्यांची आडनावं बोल्ली, गाजुल अशी, ‘वार’ न लागलेली. म्हणजे कोऱ्या जिल्ह्यात लोक आलेच नाहीत असं म्हणता येत नाही, तिथे त्या नावांची वेगळी यादी करून शोधावं लागेल. आणि नकाशा राज्याच्या हद्दीवर तुटतो, आदिलाबादची यादी घेतलीत तरच पट्टा पुढे किती जातो ते कळेल.

सासुरवाशीण: लग्नानंतर बायकांची आडनावं बदलतात, त्यांचं काय? माझंच बघा, माहेर वणीचं आणि आता पुण्यात जोशी.

टिंबटिंब: बरोबर, म्हणून फक्त पुरुष मोजा. यादीत वय असतं, तेही वापरा. पुण्यातले ‘-वार’ जर बहुतेक चाळिशीच्या आतले निघाले, तर ते अलीकडे नोकरी-शिक्षणाला आलेले असावेत. पक्कं मात्र नाही, त्यातले काही तिथेच जन्मलेलेही असणार.

नांदेडचा: आणि निजामाच्या काळापासून नांदेड-तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होतं, १९५६ पर्यंत. मधे सीमा नव्हतीच, मग स्थलांतर तरी कसलं म्हणायचं?

वैनगंगाकाठ: हे डोक्यातच नव्हतं आलं. वय लावून पुण्याचा नकाशा रात्री टाकतो.