चिपळूणचा पाऊस, नऊ माणसं आणि माझं अर्धं कपाट

भाची: आत्या, सासरी आम्ही नऊ जण. माझ्या वाट्याला लोखंडी कपाटाचा अर्धा भाग, तोही आहेराच्या साड्यांनी भरलाय. नोकरी चालू आहे. काय ठेवू, काय नको?

आत्या: चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

आधी पडवीतली दोरी बघ, कपाट मागाहून. आषाढात तिकडे सुती कुर्ता दोन दिवस वाळत नाही आणि दोरी नऊ जणांची. दिवसाआड धुतलंस तरी दोन जोड मळलेले, दोन दोरीवर. शिवाय दोन कोरडे हाताशी हवेत. म्हणजे ऑफिसचे सहा जोड, त्यात जाड सुती कमीच घे.

आहेराच्या सगळ्या साड्यांवर ब्लाउज शिवत बसू नकोस. ज्या नेसशील त्यांचेच शिव, आणि शिंप्याला आत इंचभर माया सोडायला सांग. वर्षभरात अंग बदलतं. संक्रांतीची काळी साडी घेऊ नकोस, ती बहुधा सासरकडूनच येते. मंगळागौरीची नऊवारी सासूबाईंची माग. त्यांना बरं वाटेल, तुझी जागा वाचेल.

पैठणी जुन्या धुवट धोतरात गुंडाळ. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते नि जर काळी पडते. खळ केलेली सुती साडी तशीच ठेवलीस तर कसर लागेल. खळ धुऊन टाकून मगच ठेव.

मावशी: ताई, साड्यांचं पटलं. पण नऊवारी मागून घ्यायची, जागा वाचवायची, सगळं हिनेच? कमावती मुलगी आहे, स्वतःचं कपाट घेईल.

आत्या: घेईल हो, पण ठेवेल कुठे? त्या खोलीत पलंगाभोवती फिरायला जागा नाही.

वहिनी: मी पैठण्या हँगरलाच लावते. घडीवर रेशीम चिरतं. आणि प्रत्येक साडीच्या घडीत एक डांबरगोळी.

आत्या: घडीवर चिरतं हे खरंय. पण जड पैठणी महिनोन्महिने लोंबत राहिली तर पदराच्या वजनानं ताणली जाते. त्यापेक्षा दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, ऊन टाळून सावलीत वारा द्यावा. गोळी पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेव, जरीला टेकली की डाग पडतो.

वहिनी: माझ्या नाही पडले अजून.

काका: धोतराचं काय चाललंय? माझी दोन्ही मी अजून नेसतो, सांगून ठेवतो.

भाची: काका, तुमची नकोत! आत्या, एक सांगायचं राहिलं. कपाटाच्या दुसऱ्या अर्ध्यात नणंदेच्या साड्या आहेत आणि ती नागपूरला असते.

मावशी: बघा! खोक्यात भर आणि माळ्यावर टाक.

आत्या: हात लावू नकोस त्यांना. दिवाळीला ती येईल तेव्हा तिलाच विचार. आणि माळ्यावर तर मुळीच नको, पावसात कौलं गळतात.

मावशी: दिवाळीपर्यंत हिनं कपडे कुठे ठेवायचे, ते सांगा ना ताई.