अनुभव सांगा: तालुक्याच्या कॅफेत लॅपटॉप घेऊन किती वेळ बसता?

पऱ्हाटी

गावात लाइन आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही, म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस मी कामासाठी तालुक्याला जातो. बसस्टँडमागं एक कॅफे झालाय. पाच टेबलं, वायफाय, इन्व्हर्टर, सगळं आहे. पुण्यात असताना दिवसभर बसलो तरी कोणी ढुंकून बघायचं नाही. इथं मालकाचा भाऊ माझ्या वर्गात होता, त्यामुळे तो मला कधीच ऊठ म्हणणार नाही. अडचण नेमकी तीच आहे. अकराला जातो, चहा घेतो, एकच्या सुमारास सँडविच खातो आणि तीनला निघतो. हे जास्त होतं का? तुम्ही किती बसता, काय मागवता, लाइन गेल्यावर काय करता, ते लिहा.

वर्धाकाठ

तासाला एक ऑर्डर, विषय संपला. मी तेच करतो आणि आजवर कोणी तोंड वाकडं केलं नाही. चार्जरचंही लोक उगाच मनाला लावून घेतात. माझा चार्जर ६५ वॉटचा आहे, छताचा जुना पंखा ७५चा असतो. पंख्याइतकीही वीज जात नसेल तर लाइन गेल्यावर चार्जर काढायचा कशाला?

गल्लेवाला

मी अमरावतीकडच्या एका तालुक्याच्या गावात कॅफे चालवतो. वर्धाकाठभाऊ, तुमचे वॉट बरोबर आहेत, पण हिशेब अर्धाच केला.

माझ्याकडं एकच बॅटरी आहे, १५० एएचची, १२ व्होल्टची. गुणाकार केला तर १८०० वॉट-तास होतात. पण बॅटरी पूर्ण उतरू द्यायची नसते, काही इन्व्हर्टरच खाऊन टाकते, वरून बॅटरी दोन उन्हाळे जुनी. हाती हजार-अकराशे आले तरी खूप. तीन पंखे, लाइट, राउटर आणि बिलाचं मशीन मिळून तीनशे वॉट जातात, म्हणजे साडेतीन तास निघतात. आता चार जणांनी चार्जर लावले की अडीचशे वाढले. साडेतीन तासाचे दोन तासही राहत नाहीत. त्यात ज्याची बॅटरी तळाला गेली त्याचा लॅपटॉप भरून राह्यला असतो, तो चार्जर पूर्ण जोरात ओढतो. भरलेला लॅपटॉप लावून नुसतं टायपिंग केलं तर त्याच्या निम्मंही जात नाही. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, घरून लॅपटॉप भरून आणा. लाइन गेली की चार्जर काढा, फोन तर लावूच नका. इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला म्हणजे गल्ल्यावरचा लाइटही थोड्या वेळात जाणार, हे समजून घ्या.

मागवायचं म्हणाल तर लाइन असताना काहीही मागवा. लाइन गेल्यावर कोल्ड कॉफी मागू नका बाप्पा. मिक्सर, ग्रिल, फ्रीज यातलं काहीच इन्व्हर्टरवर नाही, आणि बंद फ्रीज घडीघडी उघडला की दूध खराब व्हायची भीती. चहा, पोहे, मॅगी गॅसवर होते, ते सांगा.

बसण्याचं सांगतो. मे महिन्यात दुपारी बारा ते चार माझी टेबलं रिकामीच असतात, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. तेव्हा एका चहावर तीन तास बसा, माझं काही जात नाही. उलट काचेतून कोणी बसलेलं दिसलं की दुसरा गिऱ्हाईक आत येते. पण संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ एका टेबलावर तीन जण बसतात, दोन-अडीचशेचं बिल करतात आणि पाऊण तासात उठतात. त्या वेळी तासाला वीस रुपयांचा चहा घेऊन चार खुर्च्यांचं टेबल अडवलं तर मला नाही जमत. तासाला एक ऑर्डर हा नियम दुपारी गरजेपेक्षा जास्त आहे, संध्याकाळी कमी पडते. बाजाराच्या दिवशी तर येऊच नका.

दर्यापूरची सून

मला किती वेळ बसायचं यापेक्षा कुठल्या कॅफेत बसायचं हा प्रश्न आधी पडला. आमच्याकडं कॅफे म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पडदे लावलेल्या खोपट्या येतात. अशा ठिकाणी पोलीस तपासणीला येतात, आणि तिथं बाई लॅपटॉप घेऊन बसली तरी गावात बातमी वेगळीच पोचते. म्हणून मी आधी सासूबाईंसोबत नुसता चहा प्यायला गेले. पडदे नाहीत, समोर पूर्ण काच, गल्ल्यावर मालकाची बायको बसते, बाथरूमला आतून कडी आहे, हे पाहून आले. आता मी गल्ल्यासमोरच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसते. त्या वहिनीच मला 'बस वं, काम संपव' म्हणतात. फोनवर बोलायचं असलं की बाहेर ओट्यावर जाते. मीटिंगमध्ये मागून कुकरच्या शिट्ट्या नकोत म्हणून कॅफेत आले, तर माझी मीटिंग बाकीच्यांनी का ऐकावी?

आबाजी

आमच्या गावात तीन कॅफे आहेत. सातबारा काढायला गेलं की दोन-दोन तास बसवतात, सर्व्हर डाउन म्हणतात. तिथं चहा मागवायची सोयच नाही, आपणच त्या पोराला चहा पाजावा लागतो. माझं मत विचाराल तर सकाळी नऊच्या आत जावं.

पऱ्हाटी

आबाजी, मी चहा-कॉफीच्या कॅफेचं विचारत होतो. पण पोराला चहा पाजायचं कामाचं आहे.

रातपाळी

गल्लेवाले भाऊ, माझी गोष्ट उलटी आहे. क्लायंट न्यूयॉर्कचा. उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. म्हणजे नेमकी तुमची गर्दी. घरी त्याच वेळी लाइन जाते. मी मालकाशी सरळ बोलून घेतलं. दीड तास, आतल्या कोपऱ्यातलं छोटं टेबल, आणि जेवण तिथंच. एक डोसा आणि चहा, शे-सव्वाशेचं बिल होतं. मीटिंग फोनच्या हॉटस्पॉटवर करतो, कारण व्हिडिओ सुरू केला की बाकीच्यांचं वायफाय रांगायला लागतं. कॅमेरा बंद ठेवला तर माझ्या दिवसाच्या दोन जीबीत आरामात भागतं.

वर्धाकाठ

चार्जरचं मानलं. पण मग अभ्यासिकेत का जात नाही सगळे? प्रत्येक तालुक्याला एमपीएससीवाल्या पोरांसाठी आहेत, महिन्याचे पैसे भरले की खुर्ची आपली.

रातपाळी

तिथं शिंकलं तरी पोरं मान वर करतात. मीटिंग कुठून घेणार?

पऱ्हाटी

माझी दुपारची वेळ बरोबर निघाली म्हणायची. पण एक राहिलंच. आमचा मालक ओळखीमुळं कधी कधी चहाचे पैसेच घेत नाही. मी काउंटरवर ठेवतो, तो परत खिशात घालतो.

गल्लेवाला

बसायच्या आधीच यूपीआयनं टाकून द्या ना. परत कोण पाठवते?

दर्यापूरची सून

आणि घरचा डबा? वहिनींसमोर उघडायची मला लाज वाटते, पण रोज सँडविच खाणंही होत नाही.

गल्लेवाला

माझ्याकडं दुपारी चालते, चहा माझा घ्या म्हणजे झालं. पण शेजारचा कॅफेवाला बाहेरचं काहीच उघडू देत नाही. ज्याचं दुकान त्याला विचारून घ्या.